पत्रिकेवर आणि बायोडेटावर "संपर्क" म्हणून कुणाचा नंबर द्यावा?

सांगलीची_थोरली

नमस्कार मंडळी. घरात एकाच महिन्यात दोन कामं निघाली आहेत आणि दोन्ही एकाच ओळीवर अडून बसलीत. ती ओळ म्हणजे "संपर्क".

पहिलं काम भावाच्या लग्नाच्या पत्रिकेचं. लग्न कोल्हापूरला, मुलीकडच्यांनी ठरवलेल्या कार्यालयात, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. आम्ही सांगलीहून वऱ्हाडाच्या दोन बस नेणार. छापखानेवाल्याला परवा मजकूर द्यायचाय. बाबांचं म्हणणं, "निमंत्रक मी, तर नंबर माझाच." बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि कुठल्याही कार्यात त्यांचा फोन आईच्या पर्समध्ये असतो. आईची पर्स कुठे असते ते कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरं काम धाकट्या बहिणीच्या बायोडेटाचं. वय २८, पुण्यात नोकरी, आठवड्यातले तीन दिवस रात्रपाळी. काकांनी परस्पर बायोडेटा तयार केलाय आणि समाजाच्या चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर टाकायला निघालेत. त्यात तिचा स्वतःचा नंबर आहे. ती भडकलीय. काका म्हणतात, "मग काय माझा नंबर टाकू? टाकतो." तेही मला पटत नाही, का ते नंतर सांगते.

बायोडेटात सध्या असं आहे: पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक, मामांचं आडनाव आणि गाव, वडिलांचा हुद्दा, सांगलीच्या घराचा गल्लीसकट पत्ता, तिच्या कंपनीचं नाव आणि शेवटी मोबाईल.

तुम्ही काय केलंत? काय केल्याचा पस्तावा झाला?

कट्ट्यावरचा_बाळू

सोप्पं आहे. नवीन सिम घ्या, दोन्हीकडे तोच नंबर टाका, काम झालं की सिम मोडून फेका. आम्ही हेच केलं. विषय संपला.

मामी_डोंबिवली

अगं, बहिणीचं शिक्षण काय आणि उंची किती? माझा पुतण्या ३१ चा आहे, हिंजवडीला. स्वभावाने फार गरीब. इथेच नंबर दे, मी संध्याकाळी फोन करते.

सांगलीची_थोरली

मामी, नंबर कुणाचा द्यायचा हेच तर विचारतेय :)

मंडळवाली_ताई

गेली १४ वर्षं आमच्या ज्ञातीच्या वधू-वर मंडळात विनामूल्य काम करते. दर रविवारी टेबलावर बसते, मेळाव्याच्या पुस्तिकेची प्रुफं तपासते. त्यामुळे या एका ओळीवर मला बरंच बोलायचंय. लांबलं तर माफ करा.

आधी हे ध्यानात घ्या की पत्रिका आणि बायोडेटा या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. लग्न झालं की पत्रिका रद्दीत जाते. बायोडेटा कुठेच जात नाही. एकदा ग्रुपवर पडला की तो फिरतच राहतो. आमच्याकडे लग्न होऊन मूल शाळेत जायला लागलेल्या मुलींचे बायोडेटा "नवीन स्थळ" म्हणून परत येतात. एकीच्या नवऱ्यानेच फोन उचलला, पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मुलीचे भाऊ का?" आज आपण हसतो, पण त्या घरात त्या दिवशी कुणी हसलं नसेल.

म्हणून मुलीचा रोजचा नंबर बायोडेटात नको, असं मी सगळ्यांना सांगते. ती जपून ठेवायची वस्तू आहे म्हणून नव्हे. रोजचा नंबर बदलता येत नाही म्हणून. तो बँकेत असतो, ऑफिसात असतो, कॉलेजच्या मैत्रिणींकडे असतो. रात्री ११ ला "हाय, प्रोफाइल पाहिलं" असे मेसेज यायला लागले तर आपण ब्लॉक तरी किती जणांना करणार? मुलांच्या बाबतीतही तेच. त्यांना मेसेज कमी येतात, पण विवाह संस्थेच्या नावाने नोंदणी फी मागणारे फोन मुलांच्या आईवडिलांनाच जास्त येतात, असा माझा अनुभव आहे.

मग कुणाचा द्यायचा? तीन प्रश्न विचारा. हा माणूस दुपारी आणि संध्याकाळी सातनंतर फोन उचलतो का? मुलीची अपेक्षा त्याला तिच्या शब्दांत माहीत आहे का? आणि नाही म्हणायचं झालं तर तो तिला विचारून म्हणेल की स्वतःच ठरवून? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक काका-मामा नापास होतात.

वडिलांना कमी ऐकू येत असेल तर आईचा द्या. आई बोलायला बुजत असेल तर थोरल्या बहिणीचा द्या, म्हणजे तुमचा. नंबरापुढे नातं जरूर लिहा: "संपर्क: थोरली बहीण, सायंकाळी ७ ते ९". नातं लिहिलं की समोरचाही घरातलं मोठं माणूस फोनवर आणतो. वेळ लिहिली की निम्मे अवेळचे फोन आपोआप गळतात.

सांगलीची_थोरली

ताई, तिसरा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. काकांचं नंतर सांगते म्हटलं होतं ते हेच. माझ्या वेळी बायोडेटावर काकांचा नंबर होता. आठ महिने एकही स्थळ आलं नाही. आई उपासतापास करत होती. पुढे एका केळवणात साताऱ्याच्या एक बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "आम्ही दोनदा फोन केला होता, तुमच्याकडून मुलीचं जमलंय म्हणून सांगितलं." काकांना विचारलं तर म्हणाले, "त्यांची शेती कमी होती, तुला कशाला सांगायचं." अशी तीन स्थळं त्यांनी परस्पर परत पाठवली होती. वाईट हेतू नव्हता हो. पण लग्न माझं होतं.

मीच_माझी

मला इथे वेगळं बोलायचंय. मी ३३ वर्षांची आहे आणि माझ्या बायोडेटावर माझाच नंबर होता, हट्टाने. थोरली बहीण काय आणि काका काय, मधला माणूस तो मधलाच. मुलगा थेट माझ्याशी बोलला तर दोन मिनिटांत कळतं. आईच्या फोनवर "मुलगी स्वयंपाक करते का" इथून सुरुवात व्हायची, माझ्या फोनवर तो प्रश्न विचारायची हिंमत कुणी केली नाही. घाणेरडे मेसेज आले, हो. मी त्यांचे स्क्रीनशॉट त्याच ग्रुपच्या अ‍ॅडमिनला पाठवले, दोघांना काढलं. मुलीचा नंबर लपवायचा आणि मुलाचा छापायचा, हे मला पटत नाही.

मंडळवाली_ताई

तुमचं म्हणणं खोटं नाही. माझा विरोध तिने बोलण्याला नाही, तिने जरूर बोलावं. चाळून झाल्यावर तिचा नंबर त्या एका घराला द्यायचा. ग्रुपावरच्या सगळ्यांच्या हातात पहिल्या दिवशी तो कशाला?

मीच_माझी

आणि चाळणार कोण, हाच तर वाद आहे.

बँकेतला_माणूस

वाद चालू द्या, मी नंबराच्या वरच्या ओळींबद्दल बोलतो. थोरलीताई, तुम्ही बायोडेटातल्या गोष्टींची जी यादी दिलीत ती परत एकदा आमच्या नजरेने वाचा. पूर्ण नाव. जन्मतारीख. पत्ता. मोबाईल. आणि मामांचं आडनाव.

मामांचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. बँकेत खातं उघडताना, क्रेडिट कार्डाच्या अर्जावर, पासवर्ड विसरल्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत हे वर्षानुवर्षं विचारलं जातंय. आपण "आजोळ" म्हणून ते हौसेने छापतो. एकट्या मोबाईल नंबराने कुणी फारसं काही करू शकत नाही. पण या पाच गोष्टी एका कागदावर असल्या की फोन करणारा चोर अगदी खऱ्यासारखा वाटतो. "मॅडम, जन्मतारीख अमुक, आईचं माहेर अमुक, बरोबर ना? आता आलेला कोड तेवढा सांगा." माणूस इथेच फसतो, कारण बाकीचं सगळं खरं असतं.

माझ्या घरी भाच्याच्या वेळी आम्ही असं केलं. ग्रुपवरच्या बायोडेटात जन्मवर्ष आणि रास ठेवली, तारीख-वेळ काढली. "कुंडली हवी असल्यास संपर्क झाल्यावर देऊ" अशी एक ओळ टाकली. मामांचं गाव ठेवलं, आडनाव काढलं. पत्त्याऐवजी "सांगली, विश्रामबाग परिसर" असं समजा. आणि नंबर असा दिला की जो बँकेला आणि यूपीआयला जोडलेला नाही. कारण कुठल्याही पैसे पाठवायच्या अ‍ॅपात मोबाईल नंबर टाकला की खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. ते आपल्याला फोन करणाऱ्याची खातरजमा करायलाही उपयोगी पडतं म्हणा, पण त्यावर फार विसंबू नका. नाव खरं असलं म्हणून माणूस खरा, असं काही नाही.

आण्णा_निवृत्त

मामांचं आडनाव काढून कसं चालेल? आमच्यात देवक आणि मामेकूळ बघितल्याशिवाय पुढे बोलणंच होत नाही. देवक एक निघालं तर सगळा खटाटोप वाया. तुम्ही बँकेच्या सोयीने सोयरीक जमवणार का?

बँकेतला_माणूस

आण्णा, देवक राहू द्या की. देवकावरून खातं उघडत नाही कुणी. आडनाव फोनवर सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आण्णा_निवृत्त

फोनवर सांगायला हरकत नाही. पण लोक कागदावर नसेल तर फोनच करत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडे अमरावतीला बायोडेटावर चार-चार नंबर असतात. बाबा, काका, मोठे जावई आणि गावचे एक प्रतिष्ठित. स्थळवाले चौघांनाही फोन करतात, चौघं चार उत्तरं देतात. माझ्या बहिणीच्या वेळी बाबांनी "मुलगी पुढे शिकणार" म्हटलं, काका म्हणाले "लग्नानंतर नोकरी सोडणार", अन् जावई म्हणाले "मला काय विचारता, त्यांनाच विचारा." पोराच्या बापाला वाटलं काहीतरी लपवून राहिले. एकच नंबर ठेवा बापा. फार तर दोन, आणि दोघांनी आधी एकदा बसून बोलून घ्या.

मंडळवाली_ताई

ठेचा, अगदी खरं. यासाठी मी घरच्यांना एक शंभर पानी वही करायला सांगते. फोन आला की तारीख, नाव, गाव, मुलाचं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं, "आमचा बायोडेटा तुम्हाला कुणाकडून मिळाला?" हा प्रश्न पहिल्या मिनिटात विचारायचाच. खरं स्थळ चटकन सांगतं, "तुमच्या मिरजेच्या आत्याबाईंनी पाठवला" किंवा "अमक्या ग्रुपवर बघितला". फसवणारा तिथे "इंटरनेटवरून" म्हणतो किंवा विषय बदलतो. हा काही शंभर टक्के उपाय नाही, ग्रुपचं नाव त्यालाही माहीत असू शकतं. मग पुढची पायरी: "तुमचा बायोडेटा पाठवा" म्हणायचं आणि फोन आलेल्या नंबरावर न करता त्यांच्या बायोडेटावर जो वडीलधाऱ्यांचा नंबर आहे त्यावर आपण फोन करायचा. नंतर त्यांच्या गावातलं आपलं कुणी ओळखीचं शोधायचं. आपल्या आज्या करत होत्या तीच चौकशी, फक्त आधी करायची.

आणि बायोडेटाच्या तळाशी बारीक अक्षरांत महिना-वर्ष टाका. जुना झाला की निदान समजूतदार लोक तरी विचारतात, "अजून बघताय का?" प्रत्येक ग्रुपला पाठवताना तळाशी एक वेगळी खूण टाकली, नुसते क, ख, ग, तर कुठून फुटला तेही कळतं.

सांगलीची_थोरली

क, ख, ग ची कल्पना फारच आवडली. बाळू, तुमच्या सिमबद्दल विचारायचंय. वेगळं सिम मलाही पटतंय, पण काम झाल्यावर मोडून फेकायचं का खरंच?

कट्ट्यावरचा_बाळू

हो, फेका की. कशाला दर महिन्याला रिचार्ज?

सिमवाला_नगर

थांबा थांबा, फेकू नका. माझं मोबाईलचं दुकान आहे. बाळूचं अर्धं बरोबर आहे. वेगळं सिम चांगलंच, आणि त्यासाठी दुसरा फोनही लागत नाही, दोन सिमचा फोन असला की झालं. आता एकाच फोनवर व्हॉट्सअ‍ॅपची दोन खाती चालतात, नाहीतर त्यांचं धंद्याचं वेगळं अ‍ॅप आहे, त्यात "सायंकाळी ७ नंतर बोलू" असं आपोआप उत्तर लावता येतं.

पण न वापरलेला, रिचार्ज नसलेला नंबर कंपनी काही महिन्यांत बंद करते, आणि बंद झाल्यावर किमान ९० दिवस थांबून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. २०२३ मध्ये हा विषय सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. कोर्टाने सांगितलं की आपला जुना डेटा काढून घ्यायची जबाबदारी आपलीच. म्हणजे बाळूने फेकलेला नंबर आज कुणाकडे तरी आहे, आणि त्या बिचाऱ्याला "मुलीची कुंडली पाठवा" असे फोन येत असतील. माझ्याकडे असा एक ड्रायव्हर आला होता. नवीन सिम घेतलं आणि दिवसाला चार-पाच स्थळं. बायको घरात घेईना.

लग्न जमलं की आधी त्या नंबरावरून सगळ्या ग्रुपांना "जमले आहे, कृपया बायोडेटा पुढे पाठवू नये" असा मेसेज टाका. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं अ‍ॅपमधूनच डिलीट करा, फक्त अ‍ॅप काढून टाकून खातं जात नाही. विवाह साईटवरचं प्रोफाइलही बंद करा. मग सिम वर्षभर तरी स्वस्तात जिवंत ठेवा.

कट्ट्यावरचा_बाळू

च्यायला. ड्रायव्हरची माफी.

टेक्सासवाली

परदेशातल्यांसाठी एक. इथल्या मुलांच्या बायोडेटावर इथलाच नंबर असतो आणि पुण्याची मंडळी सकाळी ११ ला फोन करतात. तेव्हा इथे मध्यरात्र असते. माझ्या दिराने चिडून उचलला आणि एक चांगलं स्थळ गेलं. आता आम्ही नाशिकच्या सासूबाईंचा नंबर देतो, त्या सगळं लिहून ठेवतात आणि शनिवारी आमच्याशी बोलतात.

छापखाना_बार्शी

पत्रिकेचं कुणी बोलेचना, म्हणून मी बोलतो. २२ वर्षं पत्रिका छापतोय.

ताई, बाबांचं नाव निमंत्रक म्हणून राहू द्या, त्यांचा मान आहे. नंबर मात्र लग्नाच्या दिवशी जो बोहल्याजवळ नसेल त्याचा. हे लोकांना कळत नाही. पत्रिकेवरचा नंबर लग्नाआधी कुणी लावत नाही, फार तर पाचसहा जण. खरा मारा लग्नाच्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १. "बस सुटली का", "कार्यालय पुलाच्या अलीकडे का पलीकडे", "गाडी कुठे लावू", "अक्षता पडल्या का". त्या वेळी वरपिता, वरमाय, करवली, सगळे विधीत आणि मानपानात अडकलेले. मुलीकडचं लग्न असेल तर कन्यादानाला बसलेला बाप फोन कसा घेणार? माझ्याकडे एकाने नवऱ्या मुलाचाच नंबर छापायला दिला होता. घोड्यावर बसून रस्ता सांगत होता.

तुमच्या दोन बस आहेत म्हणून मी दोन नंबर घालीन. एक बससाठी: जो स्वतः बसमध्ये बसणार त्याचा. दुसरा कार्यालयासाठी: जो आदल्या रात्रीच कोल्हापूरला मुक्कामी असेल त्याचा, मावसभाऊ, मेहुणा, कुणीही. त्याला रस्ते माहीत हवेत. नंबरापुढे नुसती नावं घालू नका, "बस" आणि "कार्यालय" असं लिहा, म्हणजे बसवाल्याला पत्ता विचारत बसणार नाहीत. आणि कार्यालयात ताशा-वाजंत्रीत काही ऐकू येत नाही, तेव्हा दुसऱ्याने फोन हातात ठेवून व्हॉट्सअ‍ॅपवर जागेचा पिन पाठवायची तयारी ठेवावी. क्यूआर कोड छापून देतो आम्ही, पण साठीच्या पुढची मंडळी फोनच करतात.

आता नंबर छापताना काय चुकतं ते. नक्षीदार फाँटात १ आणि ९ सारखे दिसतात, ५ आणि ६ पण. नंबराला साधा, सरळ अक्षरांचा फाँट घ्या. पाच-पाच आकड्यांत तोडा. आणि प्रूफ आलं की नंबर वाचून तपासू नका, प्रुफावरचा बघून तुमच्या फोनवर लावा आणि समोरून कोण बोलतंय ते ऐका. वाचताना डोळा आपल्याला पाठ असलेलाच नंबर वाचतो. एका गिऱ्हाइकाने वाचून "बरोबर" म्हणून सही केली, शेवटचे दोन आकडे उलटे होते, ७०० पत्रिका वाटून झाल्या. ज्याचा नंबर लागला तो बिचारा पंढरपूरचा भांड्यांचा दुकानदार. लग्नाच्या सकाळी त्याने वैतागून एका पाहुण्याला सांगितलं, "लग्न मोडलं!" पाहुणा टेंभुर्णीहून परत फिरला.

मामी_डोंबिवली

अगं बाई! मग त्या पाहुण्याला नंतर कळलं का?

छापखाना_बार्शी

कळलं, पण तोवर लग्न लागलं होतं. आहेर मात्र घरी आणून दिला.

आण्णा_निवृत्त

पत्रिकेबाबत एक जुनी सूचना. "प्रेषक" म्हणून मागे घराचा पूर्ण पत्ता आणि पुढे "सहकुटुंब" जाण्याची तारीख-वेळ. म्हणजे चोराला घर रिकामं असण्याची वेळ आपणच लेखी कळवतो. पूर्वी पोस्टाने पत्रिका जायच्या, म्हणून पत्ता लागायचा. आता तुम्ही फोटो काढून शंभर ठिकाणी पाठवता, मग पत्ता कशाला? आमच्या गल्लीत लग्नाच्या दिवशी शेजारचा मुलगा घरात झोपायला ठेवायची पद्धत होती. ती चांगली होती.

बँकेतला_माणूस

आण्णांना अनुमोदन. आणि डिजिटल पत्रिकेचं एक. फोटो किंवा पीडीएफ पाठवा, आणि पाठवताना दोन शब्द स्वतःचे लिहा. कारण सध्या लग्नपत्रिकेच्या नावाने .apk फाईल येते. ती उघडली की अ‍ॅप फोनमध्ये बसतं, मेसेज वाचतं, ओटीपी पळवतं, आणि त्याच माणसाच्या नंबरावरून ती पत्रिका पुढे त्याच्या ओळखीच्यांना जाते. २०२४ च्या नोव्हेंबरात हिमाचलच्या सायबर पोलिसांनी यावर इशारा दिला होता, नंतर आपल्याकडेही तक्रारी झाल्या. माणूस ओळखीचा दिसतो म्हणून लोक उघडतात. ज्याचा नंबर पत्रिकेवर आहे त्याला लग्नाच्या महिन्यात अनोळखी नंबरांवरूनही असल्या फाईली येतील, त्याला आधी सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी फार कमी.

सांगलीची_थोरली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरात बैठक झाली, ठरलं ते सांगते.

पत्रिकेवर बाबांचं नाव मोठ्या अक्षरात, नंबर नाही. बाबा अर्धा तास गप्प होते. मग छापखानेवाल्या दादांचा घोड्यावरच्या नवऱ्याचा किस्सा वाचून दाखवला, तेव्हा हसले. "बस" साठी मावसभाऊ, तो पहिल्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसणार. "कार्यालय" साठी आत्याचे यजमान. ते कोल्हापूरचेच, राजारामपुरीत राहतात, फोनवर रस्ता सांगायला त्यांना मनापासून आवडतं. घराचा पत्ता काढला. आदल्या रात्री शेजारचे देशपांडे काका घरात झोपायला येणार, हे आण्णांमुळे.

बायोडेटाचं अर्धंच ठरलंय. वेगळं सिम माझ्या फोनमध्ये, "थोरली बहीण, सायं. ७ ते ९". जन्मतारखेऐवजी वर्ष, कंपनीऐवजी "आयटी क्षेत्र, पुणे". वही आणली. पण बहीण मीच_माझी यांचा प्रतिसाद वाचून म्हणते, "तू तरी काकांपेक्षा वेगळी कशावरून?" मला उत्तर देता आलं नाही. तूर्तास असं ठरलंय की वहीचा फोटो रोज रात्री तिला पाठवायचा, आलेलं प्रत्येक स्थळ, मला नावडलेलं सुद्धा. नाही म्हणायचं ते तिने. मामांच्या आडनावावर आई अडून बसलीय, ते राहिलंय.

मीच_माझी

वहीचा फोटो! बहिणीला सांगा, महिनाभर बघू. नाही जमलं तर तिचा नंबर.

मामी_डोंबिवली

मग आता तुझ्या नव्या सिमवर फोन करू का? पुतण्याचं बोलायचं होतं.

सांगलीची_थोरली

मामी, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवलाय. सातनंतर करा. आणि बायोडेटा कुणाकडून मिळाला हा प्रश्न मी तुम्हालाही विचारणार आहे :)

आत्ताच प्रूफ आलं. दादांनी सांगितल्याप्रमाणे वाचलं नाही, नंबर लावले. "कार्यालय" ला आत्याच्या यजमानांनी उचलला, दहा मिनिटं रंकाळ्यावरून कसं वळायचं ते सांगितलं. "बस" चा लावला तर पलीकडून एक बाई म्हणाल्या, "शिवणक्लास आज बंद आहे."

प्रूफ परत पाठवलंय.